देखरेखीच्या नजरेआड राहणारे बिघाड: यादी करून शोधण्याची रीत

मॉनिटरिंग बसवताना आपण बहुधा जे मोजायला सोपे आहे, ते आधी मोजायला घेतो. प्रोसेसर किती व्यस्त आहे, डिस्क किती भरली आहे, पोर्ट उघडे आहे का, पान 200 हा यशाचा कोड देते का, हे प्रश्न कोणत्याही साधनात तयारच मिळतात. पुढे अलर्टची संख्या वाढत जाते, परंतु ग्राहकाचा फोन आल्यावरच कळणारे बिघाड काही कमी होत नाहीत, कारण नव्या तपासण्याही जुन्यांच्याच शेजारी बसवलेल्या असतात. या लेखात उलट बाजूने जाण्याची पद्धत दिली आहे. सध्याच्या तपासण्यांना कधीच दिसणार नाहीत असे बिघाड आधी लिहून काढायचे आणि मग त्यांतले कोणते पाहायचे, ते ठरवायचे.

उदाहरण म्हणून कोल्हापूरकरांना चटकन समजेल अशी व्यवस्था घेऊ. करवीर, पन्हाळा आणि राधानगरी तालुक्यांतील साठ गावांत दूध संस्थांची संकलन केंद्रे आहेत आणि त्यांचे सॉफ्टवेअर कोल्हापुरातील एक छोटी कंपनी सांभाळते, असे धरू. व्यवस्था कल्पित आहे, परंतु पुढे आलेले बिघाड अशा कोणत्याही व्यवस्थेत होऊ शकतात.

पहिली पायरी: एका नोंदीचा प्रवास लिहून काढणे

सुरुवात डॅशबोर्डपासून करू नये. डॅशबोर्ड समोर ठेवला की मन त्यावर असलेल्या गोष्टींभोवतीच फिरते. त्याऐवजी कोरा कागद घ्यावा आणि एकाच नोंदीचा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहावा.

आपल्या उदाहरणात तो असा होतो. सकाळी उत्पादक केंद्रावर दूध घेऊन येतो. काट्यावर वजन होते, फॅट मशीन फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट वगळता दुधातले घनपदार्थ, दाखवते. केंद्रावरचे सॉफ्टवेअर दोन्ही यंत्रांकडून केबलने आकडे घेते, दरपत्रकावरून रक्कम काढते, पावती छापते आणि नोंद तिथल्याच संगणकात साठवते. इंटरनेट मिळेल तसतशा या नोंदी केंद्रीय सर्व्हरकडे जातात; यालाच पुढे सिंक म्हटले आहे. सर्व्हर उत्पादकाला एसएमएस पाठवतो, रात्री बॅकअप घेतो आणि दर दहा दिवसांनी बिल काढतो.

प्रवास लिहिताना तो सर्व्हरपाशी सुरू करण्याचा मोह होतो, कारण आपली सत्ता तिथे चालते. मात्र केबल, काटा, एसएमएस पोहोचवणारी कंपनी हे आपल्या हातात नसलेले टप्पेच तपासण्यांच्या बाहेर राहिलेले असतात, म्हणून ते कागदावर यायलाच हवेत.

दुसरी पायरी: प्रत्येक तपासणी नेमके काय सिद्ध करते ते लिहिणे

आता सध्याच्या तपासण्या एकेक करून घ्याव्यात. आपल्या कंपनीकडे पाच आहेत असे समजू: संकेतस्थळ दर मिनिटाला 200 देते का, डेटाबेसचे पोर्ट उघडे आहे का, डिस्क 85 टक्क्यांच्या वर गेली का, नोंदी स्वीकारणारी सेवा चालू आहे का, आणि बॅकअप फसला तर ईमेल येतो.

प्रत्येक तपासणीपुढे दोन वाक्ये लिहावीत. एक, “ही लाल होते ती फक्त अमुक झाले तर.” दुसरे, “ही हिरवी असतानाही अमुक होऊ शकते.” पहिले वाक्य लिहिताना तपासणीचे नाव वाचून भागत नाही, तिची सेटिंग उघडून पाहावी लागते. संकेतस्थळाची तपासणी लॉगिनचे पान मागते आणि ते पान डेटाबेसला न विचारताच तयार होते, असे आढळले तर तिचे वाक्य “संकेतस्थळ बंद पडले तर” असे न राहता “वेबसर्व्हर उत्तर देईनासा झाला तर” इतके लहान होते. “सेवा चालू आहे का” ही तपासणीसुद्धा फक्त प्रोसेस जिवंत असल्याचे सांगते. ती प्रोसेस डेटाबेसच्या एखाद्या लॉकवर अडकून तासभर एकही नोंद लिहीत नसेल, तरी ही तपासणी हिरवीच राहते.

बॅकअपच्या तपासणीकडे अधिक बारकाईने पाहू, कारण तिथे गफलत एका ओळीत लपलेली असते. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमधून रात्री चालणारी आज्ञा अशी आहे:

```
pg_dump doodh | gzip > /backup/doodh.sql.gz || mail -s "backup fail" admin
```

पाइपने जोडलेल्या आज्ञांचे यश-अपयश बॅश नेहमीप्रमाणे शेवटच्या आज्ञेवरून ठरवते. म्हणजे डेटाबेसची प्रत काढणारा `pg_dump` मध्येच मेला, तरी `gzip` आपल्याला मिळाले तेवढे निमूटपणे दाबून यशस्वी होते, फाइल तयार होते आणि ईमेल जात नाही. म्हणून या तपासणीचे खरे वाक्य होते: “डिस्कवर दाबलेली फाइल लिहिता आली नाही तर.” आत डेटाबेस आहे की नाही, याबद्दल ती काहीच बोलत नाही. आज्ञेआधी बॅशमध्ये `set -o pipefail` लिहिले की हा एक दोष जातो. परंतु क्रॉनच बंद असेल तर ही ओळ चालतच नाही आणि न चाललेली ओळ ईमेल पाठवत नाही.

या वर्गातला सर्वांना माहीत असलेला प्रसंग गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा आहे. 31 जानेवारी 2017 रोजी त्यांच्या मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला. बॅकअप शोधायला गेल्यावर कळले की नेहमीचा `pg_dump` अयशस्वी होत होता, कारण डेटाबेस 9.6 आवृत्तीचा होता आणि `pg_dump` 9.2 आवृत्तीचा चालत होता. अपयशाचे ईमेल निघत होते, पण डीमार्क या ईमेल पाठवणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या पद्धतीच्या नियमांमुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तास आधी घेतलेली डिस्कची प्रत हाताशी होती म्हणून बहुतेक डेटा वाचला. तपासणी होती, ईमेलही होता. ईमेल पोहोचतो का, हे पाहणारे मात्र कोणी नव्हते.

तिसरी पायरी: उलटी यादी

प्रवासातील प्रत्येक टप्प्यापाशी थांबून ठरावीक प्रश्न विचारावेत. हा टप्पा थांबला तर? उशिरा झाला तर? अर्धाच झाला तर? दोनदा झाला तर? झाला, पण चुकीचा झाला तर? आणि मुळात सुरूच झाला नाही तर? “थांबला” आणि “सुरूच झाला नाही” हे प्रश्न सारखे वाटतात, पण तपासणीच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. चालू असताना थांबलेले काम मागे काहीतरी खूण सोडते, न सुरू झालेले काम काहीच सोडत नाही.

प्रत्येक उत्तरापुढे कोणती तपासणी लाल होईल आणि किती वेळात, ते लिहायचे. इथे एक नियम कडक पाळावा: तपासणीचे नाव आणि तिची अट लिहिता आली तरच रकाना भरला असे समजायचे. “कोणाच्या तरी लक्षात येईलच” हे उत्तर चालत नाही. संस्थेच्या सचिवांचा फोन येईल असे वाटत असेल, तर ते शेवटच्या रकान्यात तसेच लिहावे.

| टप्पा | बिघाड | लाल होणारी तपासणी | कोणाला, कधी कळेल |
|---|---|---|---|
| फॅट मशीन | सगळ्यांना एकच फॅट | नाही | उत्पादकाला, पावती नीट पाहिली तर |
| दरपत्रक | केंद्रावर जुनेच दर | नाही | सचिवांना, बिल जुळवताना |
| सिंक | एका केंद्राच्या नोंदी येत नाहीत | नाही | सचिवांना, दहा दिवसांनी |
| डेटाबेस | बंद पडला | पोर्ट, एका मिनिटात | |
| एसएमएस | स्वीकारला, पण पोहोचला नाही | नाही | उत्पादकांना, केव्हातरी |
| बॅकअप | अर्धीच फाइल | नाही | बॅकअप वापरायची वेळ आल्यावर |

या पूर्ण यादीतील निवडक ओळी आहेत. प्रत्यक्षात दोन-तीन पाने सहज भरतात आणि “नाही” हा शब्द मन खट्टू होईल इतक्या वेळा येतो. तो खोडण्याची घाई करू नये.

एसएमएसची ओळ जराशी उलगडून सांगण्यासारखी आहे. गेटवेला संदेश दिला की तो लगेच “स्वीकारला” असे उत्तर देतो आणि आपला प्रोग्राम तेच यश म्हणून नोंदवतो. पण भारतात व्यावसायिक संदेशांचा मजकूर डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत आधी नोंदवलेल्या नमुन्याशी जुळावा लागतो. न जुळल्यास दूरसंचार कंपनीच्या पातळीवर तो अडवला जातो. ही जुळवणी 8 मार्च 2021 रोजी सक्तीने सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि दूरसंचार नियामक ट्रायला ती सात दिवस स्थगित ठेवावी लागली. आपल्या उदाहरणात एखाद्याने संदेशातील “लि.” बदलून “लिटर” केले, तर साठ गावांचे एसएमएस बंद होऊ शकतात, आणि आपल्याकडच्या नोंदीत मात्र सगळे “स्वीकारले” असेच दिसेल. खरी माहिती नंतर येणाऱ्या डिलिव्हरी रिपोर्टमध्ये असते, आणि तो कोणी वाचत नसेल तर या टप्प्यावर आपली नजरच नाही.

ही यादी एकट्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फॅट मशीनची केबल सैल होते हे ठाऊक नसते. केंद्रांवर दुरुस्तीला जाणारा माणूस आणि सचिवांचे फोन घेणारी व्यक्ती या दोघांना सोबत बसवावे आणि “गेल्या वर्षी आपल्याला ग्राहकाकडून काय काय कळले?” एवढेच विचारावे. रिकामे रकाने तिथूनच सर्वांत लवकर सापडतात.

चौथी पायरी: भरलेले रकाने मोडून पाहणे

रिकामा रकाना प्रामाणिक असतो. शंका भरलेल्या रकान्यांवर घ्यावी. “पोर्ट, एका मिनिटात” असे लिहिले असेल, तर चाचणीच्या सर्व्हरवर डेटाबेस खरोखर बंद करून घड्याळ लावावे. अलर्ट कोणाच्या फोनवर आला, किती वेळाने आला, आणि वाचून काय बिघडले ते कळते का, या तिन्ही गोष्टी यादीत लिहाव्यात. बॅकअपसाठी `pg_dump` ला चुकीचा पासवर्ड देऊन रात्रीची आज्ञा चालवावी. चाचणीचे एखादे केंद्र असेल तर त्याची नेटवर्क केबल एक पूर्ण सत्र काढून ठेवावी.

इथे एक सापळा नेहमी आढळतो. प्रोमिथियस हे मॉनिटरिंगचे साधन वापरणारे बहुधा असा नियम लिहितात:

```
time() - doodh_last_sync_seconds > 5400
```

दीड तासात सिंक झाले नाही तर अलर्ट, असा याचा अर्थ वाटतो. परंतु आकडा पाठवणारा प्रोग्रामच मेला, तर थोड्या वेळाने `doodh_last_sync_seconds` ही मालिकाच नाहीशी होते, वजाबाकी करायला काही उरत नाही, उत्तर रिकामे येते आणि रिकामे उत्तर म्हणजे अलर्ट नाही. सर्वांत वाईट बिघाडात हा नियम सर्वांत शांत बसतो. `absent(doodh_last_sync_seconds)` असा दुसरा नियम जोडला की संपूर्ण मालिका गायब झाल्याचे कळते; पण साठांपैकी एकच केंद्र गायब झाले तर तेही कळत नाही, कारण उरलेली एकोणसाठ हजर असतात.

पाचवी पायरी: रिकाम्या रकान्यांना उत्तर शोधणे

गायब झालेली गोष्ट शोधायची तर काय हजर असायला हवे, याची यादी तपासणीच्या बाहेर कुठेतरी असावी लागते. आपल्याकडे ती आहे: चालू केंद्रांची नोंदवही. सकाळचे संकलन आटोपून सिंकला पुरेसा वेळ मिळाल्यावर, समजा साडेदहाला, पुढील प्रश्न डेटाबेसला विचारावा:

```
SELECT k.code FROM kendra k
LEFT JOIN sankalan s ON s.kendra = k.code
  AND s.divas = CURRENT_DATE AND s.satra = 'AM'
WHERE k.chalu AND s.kendra IS NULL;
```

ज्या केंद्राची आज एकही नोंद नाही, त्याचे नाव यातून मिळते. इंटरनेट गेले, संगणक बिघडला, सॉफ्टवेअर अडकले की केंद्रच बंद होते, हे ही तपासणी सांगत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. एकच तपासणी अनेक कारणांचे बिघाड पकडते, म्हणून परिणामापाशी उभी केलेली तपासणी कारणापाशी उभ्या केलेल्या पाच तपासण्यांपेक्षा मला जास्त कामाची वाटते. तिची मर्यादाही यादीत लिहावी: ऐंशीपैकी चाळीसच नोंदी आल्या तर ती गप्प राहील. त्यासाठी केंद्राने पाठवलेली पावत्यांची संख्या आणि सर्व्हरवर आलेल्या नोंदींची संख्या ताडून पाहावी लागेल.

“झाले, पण चुकीचे झाले” या प्रकारातील बिघाड अधिक अवघड असतात. फॅट मशीनची केबल सैल झाली आणि सॉफ्टवेअरने आधी वाचलेलाच आकडा धरून ठेवला, तर प्रत्येक उत्पादकाला समजा 6.4 फॅट लागते. आकडा अगदी शक्य कोटीतला आहे. म्हशीच्या दुधाचे प्रमाण 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ धरले जाते, त्यामुळे कमाल-किमान मर्यादेची कोणतीही तपासणी त्याला अडवणार नाही. चूक एका नोंदीत दिसत नाही, नोंदींच्या रांगेत दिसते. वेगवेगळ्या गोठ्यांतल्या म्हशींचे फॅट सारखे येत नाही.

```
SELECT kendra, count(*) FROM sankalan
WHERE divas = CURRENT_DATE AND satra = 'AM' AND prani = 'M'
GROUP BY kendra
HAVING count(*) >= 20 AND count(DISTINCT fat) <= 2;
```

वीस किंवा अधिक उत्पादक आणि फॅटचे मात्र एक-दोनच वेगळे आकडे, अशी केंद्रे यात सापडतात. वीसचा आकडा अंदाजाचा आहे. पाच-सहा उत्पादकांच्या लहान केंद्रावर योगायोगानेही आकडे जुळू शकतात, म्हणून तो फार खाली आणू नये. केबल अडकली की मशीन बंद असल्यामुळे कोणी हाताने आकडे भरले, हा फरक या प्रश्नातून कळणार नाही. तो फोन करूनच विचारावा, आणि विचारताना आरोपाचा सूर नसावा.

यानंतरही एक बिघाड उरतोच. मशीनचे कॅलिब्रेशन सरकून प्रत्येक आकडा 0.3 ने जास्त येऊ लागला, तर आकड्यांत विविधता राहते आणि वरील प्रश्नाला काही दिसत नाही. त्यासाठी दुसरा साक्षीदार लागतो. संस्थेचे एकत्रित दूध पुढे दूध संघाकडे गेल्यावर तिथे पुन्हा फॅट काढले जाते. केंद्रावरची लिटरच्या प्रमाणात काढलेली सरासरी आणि तिथला आकडा यांतला फरक रोज लिहिला, तर एकाच दिशेने टिकून राहिलेली तफावत आठवड्याभरात उघड होते. हाच विचार बॅकअपलाही लागू आहे. रोज रात्रीची फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून काल किती नोंदी होत्या ते मोजावे आणि मूळ डेटाबेसमधील कालच्या संख्येशी जुळवावे.

सहावी पायरी: देखरेख करणाऱ्यावर देखरेख

यादीच्या शेवटी मॉनिटरिंगलाच एक टप्पा समजून तेच प्रश्न विचारावेत. मॉनिटरिंगचा सर्व्हर बंद पडला तर कोणती तपासणी लाल होईल? बहुतेक ठिकाणी उत्तर “नाही” असेच येते. उपाय असा की प्रोमिथियसमधील `vector(1)` या कायम खऱ्या अटीवर एक अलर्ट सतत वाजता ठेवावा, तो बाहेरच्या एखाद्या सेवेकडे दर काही मिनिटांनी जावा आणि तो येईनासा झाला तर त्या सेवेने आपल्याला फोन किंवा संदेश करावा. त्या सेवेचा निरोप ज्या वाटेने येतो ती वाट आपल्या नेहमीच्या अलर्टच्या वाटेपेक्षा वेगळी हवी. नाहीतर गिटलॅबच्या ईमेलसारखी गत होते.

कोल्हापुरात या पायरीला आणखी एक बाजू आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता आणि महामार्गही बंद पडला होता. मॉनिटरिंगचा संगणक त्याच इमारतीत, त्याच विजेवर आणि त्याच इंटरनेटवर असेल, तर बिघाड आणि त्याची बातमी देणारा दोघेही एकदमच जातात. म्हणून यादीत “एकाच कारणाने सोबत काय काय जाईल” असा एक रकाना स्वतंत्र ठेवावा. याउलट, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली असताना गाड्या गावांपर्यंत पोहोचत नाहीत आणि संकलनच थांबते. तेव्हा “नोंद नाही” ही तपासणी तीस-चाळीस केंद्रांची नावे एकदम ओकते. एक-तृतीयांशाहून जास्त केंद्रे एकाच वेळी गायब असतील, तर वेगवेगळे अलर्ट न पाठवता एकच एकत्रित अलर्ट जावा, अशी अट आधीच घालून ठेवलेली बरी.

कोणते रकाने रिकामे ठेवावेत

सगळे “नाही” मिटवायचे नसतात. प्रत्येक रिकाम्या रकान्याला दोन प्रश्न लावावेत: आपोआप कळायला किती वेळ जाईल, आणि तोवर झालेले नुकसान परत भरून निघेल का. पावतीचा प्रिंटर बंद पडला तर समोरचा माणूस लगेच ओरडतो. तिथे तपासणी नको. एका केंद्राचे सिंक दहा दिवस बंद राहिले तरी नोंदी केंद्रावरच्या संगणकात असतात, म्हणजे त्रास होईल, पण पैसे बुडणार नाहीत, अर्थात तो संगणक शाबूत असेल तर. चुकीचे फॅट आणि अर्धा बॅकअप यांचे मात्र नंतर काही करता येत नाही, कारण सकाळचे दूध पुन्हा मोजता येत नाही. म्हणून आपल्या उदाहरणात मी आधी या दोन ओळी घेईन, मग सिंक, मग एसएमएस. जुन्या दरपत्रकाची ओळ सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक नोंदीसोबत दरपत्रकाचा क्रमांक पाठवूनच सुटेल, तोवर ती रिकामी राहील.

जाणूनबुजून रिकाम्या ठेवलेल्या ओळीपुढे तसे ठरवणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण लिहावे. यादी तपासण्यांच्या सेटिंगसोबतच, त्याच रिपॉझिटरीत ठेवावी, म्हणजे नवा टप्पा जोडताना ती नजरेसमोर येते. पुन्हा बसायचे ते दोन वेळी: प्रवासात नवा टप्पा आला की, उदाहरणार्थ बिलाची रक्कम थेट बँक खात्यात जाऊ लागली की, आणि ग्राहकाच्या फोनवरून एखादा बिघाड कळला की. दुसऱ्या वेळी आधी पाहायचे ते एवढेच की तो बिघाड यादीत “नाही” म्हणून होता, की यादीत नव्हताच. नव्हताच असेल, तर ज्या टप्प्यावर तो घडला तिथले सगळे प्रश्न पुन्हा विचारावेत, कारण त्या टप्प्याजवळ आणखीही ओळी सुटलेल्या असण्याची शक्यता मोठी असते.